फोटो धुरकट आला रे

सरांचा फोन आला, शाळेला 50 वर्षं होतायत, स्मरणिका काढतोय, तू पण दोन पानं लिहून दे. मी म्हटलं सर मी काय लिहू, मी काही कलेक्टर वगैरे झालो नाही. सर म्हणाले अरे तुझ्या ताईबद्दल लिही. तर हे ताईबद्दल आहे, तिला विचारून लिहितोय, फक्त नाव टाकू नको म्हणाली.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षं मोठी आणि ती पण आपल्याच शाळेची. दहावीनंतर मला अमरावतीला सायन्सला टाकलं, 2017 ची गोष्ट. ती तालुक्याच्या कॉलेजला बीएस्सी करत होती, रोज एसटीने जाऊन येऊन. घरचा कापूस आणि सोयाबीन, त्यात हॉस्टेलचा खर्च एकालाच झेपणार होता आणि तो एक मी निघालो. यावर घरात कधी भांडण झालं नाही, तेच मला आता जास्त खटकतं.

हॉस्टेलचा नियम असा की मोबाईल रात्री 9 ला मिळायचा आणि साडेनऊला परत कपाटात बंद. त्या अर्ध्या तासात आईशी बोलायचं, पैसे संपले सांगायचं, आणि अडलेल्या प्रश्नांचे फोटो ताईला पाठवायचे. मोबाईल मामाने वापरून दिलेला, कॅमेऱ्याच्या काचेवर चरे. खोलीत एकच ट्यूबलाईट ती पण पाठीमागे, म्हणजे पुस्तकावर माझ्याच डोक्याची सावली, आणि उजेड कमी असला की कॅमेरा फोटो घ्यायला जास्त वेळ लावतो, तेवढ्यात हात हलला की अक्षरांना मिशा फुटतात. मला वाटायचं जवळून काढला तर मोठं दिसेल, म्हणून मी मोबाईल पार पानाला टेकवायचो, आणि एवढ्या जवळचं त्याला फोकसच व्हायचं नाही. त्यात व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करून पाठवतं ते वेगळंच.

गावाकडे रेंज फक्त घराच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या बाजूला. फोटो गोल गोल फिरत उतरायचा तोपर्यंत माझा मोबाईल कपाटात गेलेला असायचा. म्हणजे ताईला मला उलटा प्रश्न विचारायची सोयच नाही. जे दिसतंय त्यावरच सोडवायचं आणि व्हॉइस नोट टाकून ठेवायची, ती मी दुसऱ्या दिवशी रात्री ऐकायचो. सुरुवात कायम एकच, "काहून रे, फोटो धुरकट आला."

एक प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे. मनोऱ्याच्या टोकावरून चेंडू 20 मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, मनोरा 60 मीटर उंच, g = 10 धरा, चेंडू किती वेळाने जमिनीवर पडेल. पर्याय 2, 4, 6, 8 सेकंद. माझं उत्तर 2 आलं आणि ते पर्यायात होतं त्यामुळे मी खुश, पण मागे उत्तरं दिली होती तिथे 6. मी तीनदा केलं, तीनदा 2. शेवटी फोटो पाठवला, सोबत लिहिलं "माझं 2 येतंय", खरं उत्तर काय ते लिहिलंच नाही, घाईत.

आता त्या फोटोत नेमका 60 मधला 6 वाहून गेलेला. 60 आहे, 80 आहे का 50 काही कळेना, शेवटचं शून्य तेवढं नीट. ताईने काय केलं तर पर्याय एकेक घेऊन मागून गेली. वर फेकलेला चेंडू t सेकंदांनी हातापासून किती खाली असेल, तर 5t² - 20t. t = 2 टाकलं तर -20, म्हणजे चेंडू अजून हाताच्या 20 मीटर वरच आहे. t = 4 टाकलं तर शून्य, म्हणजे फेकला तिथेच परत आला. t = 6 ला 60, t = 8 ला 160. फोटोत दोनच आकडे दिसतायत, म्हणून मनोरा 60 चा आणि उत्तर 6. आधी तिने 80 धरून पण पाहिलं होतं, तर वर्गमुळात अडकलं, असलं उत्तर पर्यायात नाही, तेव्हा म्हणाली की आकडाच चुकीचा वाचला आपण. (हे सगळं पर्याय होते म्हणून जमलं, नुसतं गणित असतं तर ती तरी काय करणार.)

मग व्हॉइस नोटमध्ये माझी खरपूस घेतली. "तुहं 2 कसं आलं सांगू का? तू वर फेकला का खाली फेकला ते पाह्यलंच नाही. 2 सेकंदात तर चेंडू वर जाऊन थांबून राहिला बाप्पा, जमिनीवर कसा पडन?"

खरंच तसंच होतं. मी s = ut + ½at² मध्ये 60, 20, 10 सगळे अधिक टाकले होते. खाली जाणं अधिक धरलं तर वरचा वेग उणे 20 घ्यायला पाहिजे, तो मी अधिक घेतला म्हणजे गणितात चेंडू खाली फेकला, आणि खाली फेकला तर खरंच 2 सेकंदच लागतात. पेपर काढणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तर 2 पर्यायात बसवलेला असतो. उत्तर पर्यायात सापडलं म्हणजे बरोबर, ही माझी समजूत त्या रात्री गेली. नववीत आपल्या सरांनी फळ्यावर आधी बाण काढायला लावायचे, बाणाशिवाय आकडे लिहिले की खडू फेकून मारायचे, ते मी अमरावतीला जाऊन विसरलो होतो.

त्यातच शेवटी एक गोष्ट होती जी मी विचारली पण नव्हती. 6 सोबत दुसरं उत्तर -2 निघतं, ते मी नेहमी न बघता खोडायचो. ताई म्हणाली खोड, पण पाहून खोड. समज फेकायच्या 2 सेकंद आधी कोणी जमिनीवरून तोच चेंडू 40 च्या वेगाने वर सोडला असता तर मनोऱ्याच्या टोकाशी तो बरोबर 20 च्या वेगाने पोचला असता, पुढचं सगळं सेम. आपल्या गणितात तो जमिनीवर नव्हताच म्हणून खोडायचं. हे मी ती स्लॅबवरची नोट चार वेळा ऐकून समजलो, मागून कुत्रे भुंकतायत आणि आई खालून हाक मारतेय.

पुढे तिने अटी घातल्या. काच शर्टाने पूस, पुस्तक दिव्याखाली ने, कोपरं टेबलावर टेकव, हातभर लांबून काढ आणि मग काप. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फोटो तसाच्या तसा जातो हे मला रूममेटने सांगितलं, पण तो तीन एमबीचा फोटो स्लॅबवर उतरायला पहाट व्हायची, म्हणून ते बंद. शेवटी तिनेच सांगितलं की फोटोखाली आकडे, पर्याय आणि दिशा टाईप कर. दिशा टाईप करताना बऱ्याचदा प्रश्न मलाच सुटायचा आणि मग मी फोटो पाठवायचोच नाही. ती विचारायची, आज काही नाही का रे.

मागच्या दिवाळीला तिची तेव्हाची वही सापडली. माझा प्रत्येक फोटो तिने हाताने उतरवून घेतलाय, तारीख टाकून. मनोऱ्याच्या जागी आपल्या गावची पाण्याची टाकी काढलीय, बाजूला 80 लिहून खोडलेलं. एक प्रश्न अर्धाच आहे, समोर प्रश्नचिन्ह. तो फोटो माझ्या जुन्या चॅटमध्ये अजून आहे, आम्ही दोघांनी मोठा करून पाहिला, आकडा 3 आहे का 8 ते काही लागलं नाही. पर्याय मी फोटोत घेतलेच नव्हते.