आमची वाटचाल : पाचटापासून गांडूळखतापर्यंत

कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात गांडूळखताचा व्यवसाय उभा करायचा, तर कच्च्या मालाचा पहिला हिशेब शेणाचा होतो. आमचाही तसाच होता. नुसतं शेण आणि थोडं गवत बेडमध्ये घालायचं, गांडुळं सोडायची, खत चाळून गोण्या भरायच्या. पुढे गोठे कमी होत गेले, शेणाची ट्रॉली महागली आणि शेजारच्या फडांत तोडणीनंतर पाचट पेटतच राहिलं. तेव्हा पाचट हाच आमचा मुख्य माल झाला आणि खऱ्या अर्थाने खत शिकायला सुरुवात तिथून झाली, कारण शेणात कर्ब-नत्राचा हिशेब आयता जुळलेला असतो, पाचटात तो आपल्याला जुळवावा लागतो.

वाळलेल्या पाचटात कर्ब साधारण 40 टक्के आणि नत्र जेमतेम 0.4 टक्के, म्हणजे गुणोत्तर शंभराला एक. जिवाणूंना कुजवण्याचं काम झपाट्याने करायला ते 25 ते 30 लागतं. नत्र कमी पडलं की ढीग तापत नाही, महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. आता बरेच जण म्हणतात, शेणकाला शिंपडा म्हणजे झालं. हिशेब करून बघा. 100 किलो पाचट म्हणजे सुमारे 90 किलो कोरडा माल. त्यात कर्ब 36 किलो, नत्र 0.36 किलो. शेणात 80 टक्के पाणी. कोरड्या भागात कर्ब 35 टक्के आणि नत्र दीड टक्का धरलं, तर गुणोत्तर मुळातच 23च्या आसपास. अशा मालाने पाचट तिसापर्यंत उतरवायचं तर 100 किलोला साडेबाराशे किलो ताजं शेण लागतं. शेणकाला जिवाणू देतो, ओल देतो. नत्राची तूट तो भरून काढत नाही.

शेतात पाचट कुजवताना टनाला 8 किलो युरियाची शिफारस असते, ती याचसाठी. गांडुळांच्या मालात मात्र आम्ही युरिया टाळतो, कारण त्याचा अमोनिया गांडुळांना सोसत नाही. आमची नत्राची सोय बांधावरच्या गिरिपुष्पाने झाली. त्याच्या पाल्यात, कोरड्या वजनावर, 3 टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. 100 किलो पाचटाची कुट्टी, 400 किलो ताजं शेण आणि 200 किलो हिरवा पाला असा माल घेतला, तर कर्ब होतो 36, 28 आणि 21 मिळून 85 किलो, नत्र 0.36, 1.2 आणि 1.5 मिळून 3.06 किलो. भागाकार 28. पाला वगळला तर हेच गुणोत्तर 41 वर जातं. आकडे मालागणिक बदलतात, पण अंदाजाला एवढा हिशेब पुरतो.

या मिश्रणातली गोम पाण्यात आहे. वरचा 700 किलो माल ताजा तसाच रचला, तर त्यात 480 किलो पाणी, म्हणजे 69 टक्के ओलावा. ढिगाला हवा 55 ते 60. जास्त झालं की पोकळ्या पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणून पाला निम्म्या वजनावर येईपर्यंत कोमेजवायचा, शेण पसरून ओसरू द्यायचं. मग 400 किलोचं 270 उरतं. आता ओलावा 53 टक्क्यांवर येतो आणि वरून 30-40 लिटर पाणी मारायला जागा राहते. ते पाणी कुट्टीवर आधी, थोडं थोडं मारावं. पाचटाचा पृष्ठभाग मेणचट असतो, एकदम ओतलेलं पाणी खाली निघून जातं आणि बाहेरून ओला दिसणारा ढीग आतून कोरडा राहतो. पलटी देताना आत राखेसारखा पांढरट थर दिसला तर ढीग तापला, पण पाणी आटलं, असं समजावं. मूठ घट्ट दाबली की बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर कोरडी कुट्टी मिसळून पलटी द्यावी.

ढीग 4 फूट उंच, 5 फूट रुंद. तीन-चार दिवसांत आतलं तापमान 55 ते 65 अंशांवर जातं. आम्ही मधोमध पहार खुपसून ठेवतो. काढल्यावर हात ठेववत नसेल तर काम चालू आहे. आठवड्याने पलटी, पुन्हा आठवड्याने पलटी. या उष्णतेत तणाचं बी मरतं आणि गांडुळांना नको असलेली उष्णताही इथेच निघून जाते. पहार कोमट लागू लागली की माल बेडवर जातो. तरी सगळा बेड एकदम भरायचा नाही. आधी एका घमेल्यात माल घेऊन मूठभर गांडुळं सोडायची. ती आत शिरली आणि दुसऱ्या दिवशी जिवंत असली तर पुढे जायचं. काठावर चढत असतील तर उष्णता किंवा अमोनिया शिल्लक आहे. बेडमध्ये ओलावा थोडा जास्त, 65 ते 70 टक्के, आणि उन्हाळ्यात वर ओलं गोणपाट. बेडचं तापमान 35 अंशांच्या वर गेलं की गांडुळं मरायला लागतात.

नर्सरीवाले गिऱ्हाईक जोडले गेल्यावर प्रश्न बदलला : खत तयार झालं हे ठरवायचं कशावर? चहाच्या भुकटीसारखं काळंभोर दिसणं हा पुरावा नाही. ओल्या, अर्धवट कुजलेल्या मालालाही तो रंग येतो. गिऱ्हाईक रिपोर्टमध्ये कर्ब-नत्र गुणोत्तर 20 च्या खाली आहे का ते बघतं. पाचटाच्या मालाला ही कसोटी ठीक आहे. पण कोंबडीखत ताजं असतानाही 10 च्या आसपास असतं, म्हणजे ते न कुजवताच पास! त्यामुळे गुणोत्तर सुरुवातीला किती होतं आणि कुठे आलं, ते विचारायला हवं.

आम्ही दोन साध्या चाचण्या करतो. ओलसर खत प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून तीन दिवस ठेवायचं. उघडल्यावर पहिल्या पावसासारखा मातीचा वास आला तर ठीक. आंबूस किंवा नाकाला झोंबणारा आला तर माल कच्चा. दुसरी अळिवाची. खताचा एक भाग आणि दहा भाग पाणी, तासभर ढवळून गाळायचं. एका ताटलीत टिपकागदावर ते पाणी, दुसऱ्या ताटलीत साधं पाणी, प्रत्येकी 20 बिया. तीन दिवसांनी मोजायचं. समजा साध्या पाण्यात 19 उगवल्या आणि मुळं सरासरी 30 मिलिमीटर; खताच्या पाण्यात 17 आणि 24 मिलिमीटर. 17 भागिले 19, गुणिले 24 भागिले 30, म्हणजे 72 टक्के. आमची रेषा 80 ची. हा लॉट रोपांच्या ट्रेमध्ये गेला तर मुळं खुंटतात, आणि गुणोत्तर अजून चढं असेल तर जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात व रोपं पिवळी पडतात. असा लॉट सावलीत पलटी देत आणखी पंधरा दिवस मुरवायचा आणि पुन्हा तपासायचा.

गोणी भरताना शेवटची बाब पुन्हा ओलाव्याचीच. गांडूळखताला सरकारी निकष 15 ते 25 टक्क्यांचा आहे. 50 किलोच्या गोणीत 40 टक्के ओलावा असेल तर गिऱ्हाईक 20 लिटर पाणी विकत घेतं; 25 टक्क्यांना साडेबारा. आम्ही काढणीआधी आठवडाभर पाणी बंद करतो, सावलीत पसरून सुकवतो आणि 4 मिलिमीटरच्या चाळणीतून काढतो. पावसाळ्यात हवाच ओली, माल सुकतच नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये चाळणीचं काम जवळपास थांबतं. त्या काळातली मागणी एप्रिल-मेमध्ये चाळून ठेवलेल्या मालातून भागवतो.