फोटोतला फ्लोचार्ट आणि त्यातला प्रत्येक 'हो-नाही'

आमच्या शाळेत पोषण आहाराच्या खोलीबाहेर एक फ्लोचार्ट लावला आहे: घास घशात अडकला तर काय करायचं. आमचे संगीताचे सर पूर्ण अंध आहेत. मुलं जेवत असताना त्यांचीही पाळी असते, म्हणून त्यांनी विचारलं, "मॅडम, तो तक्ता मला फोनवर ऐकता येईल असा करून द्याल का?"

फोटोतला मजकूर उचलणाऱ्या अ‍ॅपने शब्द बरोबर दिले, पण ओळी डावीकडून उजवीकडे वाचल्यामुळे "खोकत राहायला सांगा" आणि "शुद्धीवर आहे का?" एकाच ओळीत आले. बाण तर मजकुरात येतच नाहीत आणि फ्लोचार्टचा सगळा अर्थ बाणांत असतो. त्यामुळे ते बाजूला ठेवून मी वही घेतली.

आधी फक्त प्रश्नांचे चौकोन, म्हणजे तिरपे उभे असलेले, मोजले. पाच निघाले. मग प्रत्येकातून किती बाण बाहेर पडतात ते लिहिलं. चार प्रश्नांना दोन-दोन वाटा होत्या, पाचव्याला तीन. हा आकडा शेवटपर्यंत उपयोगी पडतो, कारण एखादी वाट गळली तर इथेच कळतं.

फ्लॅशमुळे काही जागी पांढरा डाग आला होता. एका प्रश्नाचा 'हो' दिसत होता आणि दुसरी खूण पुसली गेली होती, तर ती 'नाही'च असणार. पण पाठीवरच्या थापांनंतरच्या प्रश्नाच्या दोन्ही खुणा गेल्या होत्या. तिथे तर्क चालवायचा नाही. फ्लॅश बंद करून, जरा बाजूने पुन्हा फोटो काढला.

तीन वाटांचा प्रश्न पोट दाबण्यानंतरचा होता: घास निघाला, निघाला नाही, बेशुद्ध झाला. हो-नाहीत बसवायला त्याचे दोन प्रश्न करावे लागतात. "शुद्धीवर आहे का?" हा प्रश्न तक्त्यात वर होताच. म्हणून 'नाही'ची वाट तिकडे परत पाठवली, की दोन्ही उरलेल्या वाटा तिथून आपोआप फुटतात. घास निघाल्याच्या वाटाही एकत्र करून चालत नाही, कारण पोट दाबलं असेल तर आत इजा झाली नाही ना, हे डॉक्टरांनी बघावंच लागतं.

एक वर्षावरच्या सगळ्यांसाठी असलेला हा तक्ता असा उतरला:

1. जोरात खोकता येतंय का? हो: 2 वर जा. नाही: 4 वर जा.
2. खोकत राहायला सांगा, पाठीत मारू नका. मग 3 वर जा.
3. घास निघाला का? हो: 9 वर जा. नाही: परत 1 वर जा.
4. शुद्धीवर आहे का? हो: 5 वर जा. नाही: 10 वर जा.
5. शेजारच्याला 108 लावायला सांगा. पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने 5 थापा द्या. मग 6 वर जा.
6. घास निघाला का? हो: 9 वर जा. नाही: 7 वर जा.
7. मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने 5 दाब द्या. गर्भवती असेल तर पोटाऐवजी छातीवर. मग 8 वर जा.
8. घास निघाला का? हो: 11 वर जा. नाही: परत 4 वर जा.
9. बसवा, लक्ष ठेवा. इथे संपलं.
10. 108 लावला नसेल तर लावा, सीपीआर सुरू करा. इथे संपलं.
11. डॉक्टरांना दाखवा. इथे संपलं.

"नाहीतर पुढे जा" असं मी कुठेच लिहिलं नाही. डोळ्यांनी वाचणारा पुढची ओळ बघून सावरतो, ऐकणाऱ्याला मात्र नेमका क्रमांकच हवा. 'परत' हा शब्दही मुद्दाम ठेवला. तो नसेल तर आपण आधीच्या पायरीवर चाललोय हे कळत नाही. बाणाची चिन्हंही टाळली, कारण वाचक अ‍ॅप ती कधी वेगळंच काही म्हणून वाचतं, कधी गाळतं.

मग मूळ फोटो झाकला आणि नुसत्या पायऱ्यांवरून कोऱ्या कागदावर तक्ता पुन्हा काढला. दोन्ही शेजारी ठेवून बाण एकेक करून खोडत गेले. वहीतला हिशेब जुळला: पाच प्रश्न, दहा वाटा, आणि मूळची अकरावी वाट पायरी 4 मध्ये सामावलेली.

सरांना मी ते आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. टॉकबॅक, म्हणजे फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारं त्यांचं वाचक अ‍ॅप, तो अख्खा मेसेज एका दमात वाचतं, मधल्या पायरीवर परत जाणं अवघड जातं. म्हणून त्यांच्या सांगण्यावरून वर्ड फाइल केली, प्रत्येक पायरी वेगळ्या परिच्छेदात. आता बोट एकदा सरकवलं की एकच पायरी ऐकू येते. त्यांनी फाइल उघडून मला विचारलं, "खोकता येत नाही, शुद्धीवर आहे, थापा दिल्या, दाबही दिले, घास तसाच आहे. आता?" आणि माझं उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाले, "परत चारवर, शुद्ध बघायची."