तुळजापूरच्या वाटेवर पडलेला टेंपरेचरचा काटा

मार्ग नेहमीचा: छत्रपती संभाजीनगर, पाचोड, शहागड, गेवराई, बीड, मांजरसुंबा, धाराशिव, तुळजापूर. महिना मे. गाडी पेट्रोलवरची, आठ वर्षं जुनी. शहागडला गोदावरीचा पूल ओलांडून गेवराईकडे जाताना मध्यावर असलेला काटा क्षणात C वर आला, चेक इंजिनचा दिवा लागला आणि रेडिएटरचा पंखा फुल स्पीडला सुरू झाला. AC बंद केला तरी पंखा थांबेना.

इथे काटा किती वेगाने पडला, हेच सगळ्यात महत्त्वाचं. इंजिनात चार-पाच लिटर गरम कूलंट फिरत असतं, ते एका सेकंदात थंड होऊच शकत नाही. म्हणजे बदललं ते तापमान नाही, सिग्नल. तो सिग्नल कूलंटचं तापमान मोजणारा दोन वायरींचा सेन्सर देतो. त्याचा रेझिस्टन्स थंडीत जास्त असतो आणि गरम झाला की कमी होतो. सर्किट तुटलं की रेझिस्टन्स अमर्याद होतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला, वाटतं, कूलंट उणे 40 अंशांवर आहे. गेवराईत उन्हाळ्यात! ईसीयूही ते खरं मानत नाही. कोड टाकतो आणि इंजिन वाचवायला पंखा कायमचा चालू ठेवतो.

एक अपवाद मात्र जीवघेणा आहे. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर हवेत उघडा पडतो, तरीही काटा खाली येऊ शकतो आणि तेव्हा इंजिन खरंच भाजत असतं. म्हणून आधी गाडी बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण उघडू नका. रिझर्व्ह टाकीची पातळी बाहेरूनच MIN आणि MAX यांच्या मध्ये आहे का ते बघा. मग इंजिन चालू ठेवून हीटर फुल गरमवर मिनिटभर लावा. घाम फुटेल, पण गरम हवा आली तर कूलंट फिरतंय. थंड हवा आली तर इंजिन लगेच बंद करा आणि टोइंग बोलवा.

या गाडीत पातळी बरोबर होती, हवा गरम होती. ब्लूटूथ स्कॅनरवर P0118, म्हणजे याच सेन्सरचं सर्किट तुटल्याचा कोड, आणि तापमान -40 दिसलं. काही गाड्यांत स्कॅनर ईसीयूने धरलेला बदली आकडा दाखवतो, म्हणून आकड्यापेक्षा कोडवर भरवसा ठेवा. पंखा चालू असल्यामुळे गाडी बीडपर्यंत सावकाश नेता आली. मात्र आता काटा आंधळा आहे: खरंच तापली तरी तो सांगणार नाही. थांबाल तिथे टाकी बघा.

बीडच्या गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळाला, ‘थर्मोस्टॅट काढून टाका, पंखा डायरेक्ट करा.’ दोन्हीला नकार द्यावा. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटची झडप. ती उघडी अडकली तर काटा हळूहळू उतरतो, तोही हायवेवर, आणि ट्रॅफिकमध्ये परत चढतो. त्याचा कोड सहसा P0128 असतो, आणि पंखा असा सतत पळत नाही. पंखा तर इथे आधीच पळतोय, डायरेक्ट करून काय मिळणार?

खरी तपासणी पाच मिनिटांची. चावी बंद करून सेन्सरचं कनेक्टर काढा, पिना हिरव्या पडल्यात का बघा. मग कनेक्टरच्या दोन टोकांत वायरचा तुकडा जोडून चावी चालू करा. स्कॅनरवरचं तापमान उणे 40 वरून एकदम 130-140 च्या आसपास गेलं तर वायरिंग ठीक, सेन्सर गेला. ते तसंच राहिलं तर वायर किंवा कनेक्टर शोधा. ही चाचणी फक्त दोन वायरींच्या सेन्सरसाठी.

इथे आकडा उडाला. इंजिन दीड-दोन तास थंड होऊ दिल्यावर सेन्सर काढला. मल्टिमीटरवर साध्या पाण्यात दोन हजार ओहमच्या जवळपास, म्हणजे ठीक. शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या उकळत्या पाण्यात तो दोनशेच्या आसपास उतरायला हवा होता. त्याऐवजी मीटरने OL दाखवलं, म्हणजे सर्किट तुटलेलं. आतला जोड गरम झाला की सुटत होता. सकाळी थंड इंजिनावर सगळं ठीक दिसायचं कारण हेच.

नवा सेन्सर नव्या वॉशरसकट हातात तयार ठेवा; जुना निघताच बसवला तर कपभरच कूलंट सांडतं. हाऊसिंग अॅल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं असतं, जोर लावून आवळू नका. त्याच जातीचं कूलंट भरा, हवा काढा, कोड पुसा. मग गाडी उभी ठेवून, AC बंद करून पंखा एकदा लागून आपोआप बंद होईपर्यंत थांबा. ते न बघता मांजरसुंब्याच्या घाटाला लागू नका.