मीटरवर ४१ आणि मला काहीच वाटत नव्हतं

नोव्हेंबरमधल्या एका रविवारची गोष्ट. संध्याकाळी सात वाजता मी कणीक मळत होते. मुलगा पाणी प्यायला आला आणि ओट्याशी थांबला. "आई, तू तिसऱ्यांदा मीठ टाकून राहिली." मी त्याच्यावर खेकसले. एरवी मी असं बोलत नाही, म्हणून त्याला शंका आली. त्याने माझे हात नळाखाली धरून धुतले, पुसले आणि बोटाला सुई लावली. शुगरच्या मीटरवर ४१ आलं, म्हणजे फारच कमी. "मला काही झालेलं नाही," असं मी तरीही म्हणत होते, आणि मला ते अगदी खरं वाटत होतं. घाम नव्हता, थरथर नव्हती, छातीत धडधडही नव्हती.

मला टाइप १ डायबिटीस आहे, वयाच्या सतराव्या वर्षापासून. आता अठ्ठावीस वर्षं झाली. पहिली दहा-बारा वर्षं शुगर सत्तरच्या खाली गेली की मला लगेच कळायचं. हात थरथरायचे, मानेवर गार घाम यायचा आणि भूक तर अशी लागायची की डब्यात हात घालावासा वाटायचा. ही लक्षणं कधी नाहीशी झाली ते मला सांगता येणार नाही. हळूहळू गेली. शुगर लो व्हायची कमी झाली, असाच अर्थ मी लावला होता.

त्या आठवड्यात नागपूरच्या धंतोलीत आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी आधी रिपोर्ट पाहिला नाही, एकच प्रश्न विचारला. "शुगर लो होते तेव्हा तुम्हाला कळतं का? नेहमी कळत असेल तर १, कधीच कळत नसेल तर ७. तुमचा आकडा सांगा." मी ३ म्हटलं. शेजारी बसलेले माझे यजमान म्हणाले, "नाही मॅडम, ५ तरी असेल." ४ किंवा त्याहून जास्त आकडा आला की जाणीव बोथट झाली असं धरतात. आपला आकडा घरच्या माणसाच्या तोंडून ऐकावा लागला, हे मला फार लागलं.

मग त्यांनी माझ्या मीटरची मेमरी उघडली. महिन्याभरात ७० च्या खाली ११ रीडिंग होती, त्यातली ४ तर ५४ च्याही खाली. त्यांतलं एकही मला आठवत नव्हतं, कारण त्रास असा झालाच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दिवसातून दोनदा तपासता. तेवढ्यात ११ सापडल्या, मग न सापडलेल्या किती असतील?" माझं एचबीए१सी ६.२ होतं आणि मला त्याचा अभिमान होता. पण ती तीन महिन्यांची सरासरी असते. पहाटे ४८ आणि जेवणानंतर २१० असं रोज झालं, तरी सरासरी देखणीच येते.

हे का होतं ते त्यांनी कागदावर रेघा ओढून समजावलं. शुगर उतरू लागली की निरोगी शरीर आधी इन्सुलिन थांबवतं. आमच्यात ते बाहेरून टोचलेलं असतं, त्यामुळे थांबवता येत नाही. मग ग्लुकागॉन नावाचं हार्मोन यकृतातली साखर बाहेर काढतं, पण टाइप १ मध्ये काही वर्षांतच ते लो शुगरला उत्तर देईनासं होतं. उरतं ॲड्रेनालिन. घाम, थरथर, धडधड ही बरीचशी त्याचीच हाक. गोची अशी की एकदा शुगर लो झाली की पुढच्या वेळी ॲड्रेनालिन आणखी खालच्या आकड्यावर जागं होतं. पन्नासच्या आसपास मेंदूचं काम अडखळू लागतं. हाक त्याच्याही खाली गेली की माणसाचा गोंधळ आधी होतो आणि थरथर नंतर येते, किंवा येतच नाही. ज्या मेंदूने ओळखायचं तोच उपाशी असतो. म्हणून मी मिठाबद्दल भांडत होते.

यात एक आशेची गोष्ट होती. १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत असं दिसलं आहे की दोन-तीन आठवडे शुगर एकदाही लो होऊ दिली नाही, तर लक्षणं बऱ्याच लोकांत परत येऊ लागतात. मॅडमनी मला तीन आठवडे दिले. अट एकच, ७० च्या खाली जायचं नाही. लक्षणं सांगणार नव्हती, म्हणून त्यांच्या जागी मीटर ठेवायचा होता. प्रत्येक जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना, पहाटे तीन वाजता आणि गाडीला किल्ली लावण्याआधी तपासायचं. रोज आठ-नऊ वेळा. स्ट्रिपांचा खर्च जाणवण्यासारखा होता, तो आम्ही दिवाळीच्या खरेदीतून वाचलेल्या पैशांतून केला.

आधी त्या रविवारचा हिशेब लावला. दीड वाजता जेवण आणि त्याचं इन्सुलिन. साडेतीनला शुगर २१०, म्हणून मी मनाने आणखी ३ युनिट घेतले. पण जेवणाआधीचं इन्सुलिन साधारण चार तास काम करतं, तेव्हा दीडचं अजून निम्मं तरी अंगात होतं. त्याच्यावर नवं चढवलं. साडेपाचला अंबाझरी तलावाच्या काठाने पाऊण तास चालले, आणि चालताना स्नायू साखर आणखी ओढतात. सातला ४१. यात नशिबाचा भाग काहीच नव्हता. पाचला घरातून निघताना एक स्ट्रिप लावली असती तर उतरती शुगर तिथेच दिसली असती.

सगळ्यात मोठा शोध पहाटेचा. पहिल्या रात्री तीन वाजता ५८, दुसऱ्या रात्री ५१, तिसऱ्या रात्री ७९. तिसऱ्या दिवशी मी चालायला गेले नव्हते. संध्याकाळच्या व्यायामाचा परिणाम रात्री उशिरापर्यंत टिकतो, आणि झोपेत ॲड्रेनालिन आधीच मंद असतं. वर्षानुवर्षं सकाळी डोकं जड असायचं, ते मी कामाच्या थकव्यावर ढकलत आले होते. मॅडमनी रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन २२ युनिटवरून १८ वर आणलं. झोपताना शुगर १२० च्या खाली असेल तर दूध-पोळी खाऊनच झोपायचं, असंही सांगितलं. (हे आकडे माझे आहेत. वाचून कोणी आपला डोस बदलू नये, आपल्या डॉक्टरांसोबत बसून ठरवावं.) सहाव्या रात्रीपासून पहाटेचा आकडा शंभरच्या वर राहू लागला.

दुसऱ्या आठवड्यात एक प्रसंग घडला, तो मला सगळ्यांना सांगावासा वाटतो. आंबिया बहाराची संत्री घरात आली होती. दुपारी मी चार-पाच सोलली आणि तशीच तपासायला बसले. १९८ आलं. जेवणाआधी २ युनिट वाढवून घ्यावेत म्हणून इन्सुलिनचं पेन उचललं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, हात तर धू. चिकट असतील." हात धुऊन, कोरडे करून दुसरी स्ट्रिप लावली. ७४. बोटावरच्या रसातली साखर थेंबात उतरली होती. १९८ वर विश्वास ठेवला असता तर ७४ वर मी जास्तीचं इन्सुलिन टोचलं असतं, आणि माझं शरीर मला काहीच सांगणार नव्हतं. फळ हाताळल्यावर स्पिरिटचा बोळा फिरवूनही भागत नाही, नळाखालीच हात धुवावे लागतात.

मीटरची स्वतःची मर्यादाही असते. चांगल्या मीटरलाही शंभरच्या खाली १५ इकडे-तिकडे होण्याची सूट आहे. म्हणजे मीटरवर ७५ दिसलं तर खरी शुगर साठही असू शकते. म्हणून त्या दिवसांत मी ८० ला सावध व्हायचे आणि ९० च्या खाली असताना स्कूटर काढायची नाही. लो आलीच तर ग्लुकोज पावडरचे तीन चमचे पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा तपासायचं. पूर्वी मी अशा वेळी संत्रा बर्फी खायचे. तिच्यातल्या खव्याच्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा पोचते, आणि तोवर आपण घाबरून आणखी दोन खातो. घरी सगळ्यांना हेही सांगून ठेवलं की मी बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या.

मला सर्वांत जड गेलं ते १८०-१९० चे आकडे सहन करणं. अठ्ठावीस वर्षं मी वरच्या आकड्यांना भ्यायले. जेवणानंतर दोन तासांनी १८५ दिसलं की हात आपोआप पेनाकडे जायचा. अशा वेळी मी मॅडमना फोन करायचे आणि त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, "थांबा, चार तास होऊ द्या."

सतराव्या दिवशी, कामावरून आल्यावर, मी तुरीची डाळ धुवत होते. बोटं थरथरली. आधी वाटलं पाणी गार आहे. मग मानेवर घाम जाणवला आणि मी भांडं ठेवून दिलं. मीटरवर ६७. म्हणजे अट मोडली होती, पण मला ते आधी कळलं होतं. मी मुलाला हाक मारली आणि थरथरणारा हात त्याच्यापुढे धरला. आम्ही दोघं किती वेळ तसेच उभे होतो कोण जाणे. ग्लुकोज घ्यायची आठवण त्यानेच दिली.

आता सात महिने झाले. एचबीए१सी ६.९ आहे आणि मॅडम त्यावर समाधानी आहेत. लक्षणं पूर्वीइतकी जोरकस नाहीत. काही लोकांत ती परत येतच नाहीत. मिळालेलं टिकतंच असंही नाही. फेब्रुवारीत भंडाऱ्याला नणंदेच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या वेळा चुकल्या, दोन दिवसांत दोनदा शुगर साठच्या खाली गेली, आणि तिसऱ्या दिवशी ४९ होती तरी मला पत्ता नव्हता. परत आल्यावर पुन्हा तीन आठवडे रोज नऊ वेळा. दंडावर लावायचा, शुगर सतत मोजणारा सेन्सर मी वर्षातून दोन-तीनदाच लावू शकते. शुगर पटकन उतरत असताना तो काही मिनिटं मागे असतो, म्हणून त्याचा अलार्म मी ७० ऐवजी ८० वर ठेवते.

पहाटेची तपासणी आता रोज नसते. ज्या दिवशी अंबाझरीला चालून येते त्या रात्री मात्र तीनचा गजर लावते. यजमान उठून दिवा लावतात, मी हात धुऊन येते.