चौघांचं शुद्धलेखन, अंक एक

‘आम्ही चौघं मिळून दिवाळी अंक काढतो. प्रत्येकाचं लेखन वेगळं, आणि तेच वाद दरवर्षी. स्टाइलशीट करायची तर सुरुवात कुठून करायची?’

नियम लिहायला बसू नका, ते आधीच आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले. हे १८ नियम आणि एक शब्दकोश (कोणताही घ्या, पण एकच) हा आपला आधार, असं शीटच्या पहिल्या ओळीत लिहून टाका. त्यांनी जे सुटत नाही, किंवा जिथे तुम्ही मुद्दाम वेगळी वाट धरणार आहात, तेवढंच पुढे येऊ द्या.

नोंदी मिळतात मागच्या अंकात. एकाने तो फक्त विसंगती शोधायला वाचावा आणि दोन प्रकारे लिहिलेला प्रत्येक शब्द एक्सेलमध्ये टाकावा: आपलं रूप, टाळायची रूपं, कारण, तारीख. अकारविल्हे लावा. कारणाचा रकाना सगळे रिकामा सोडतात, आणि मग पुढच्या वर्षी तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.

‘बँक’ हा शब्द घ्या. तो कुणी चंद्रबिंदूने टाइप करतो (`U+0901`), कुणी अर्धचंद्र देऊन वर अनुस्वार देतो (`U+0945`, `U+0902`), तर कुणी ‘बॅन्क’ लिहितो. तिसरं रूप डोळ्यांना दिसतं. पहिली दोन बऱ्याच फाँटमध्ये हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणकाला ती वेगळी असतात. एक शोधलं की दुसरं सापडतच नाही, आणि सूची केली तर बँक दोनदा येते. म्हणून अशा नोंदीत नुसतं रूप लिहून भागत नाही, ते कुठल्या कळांनी टाइप करायचं तेही लिहावं लागतं. हाच घोळ ‘दुःख’मध्ये होतो. विसर्गाची कळ सापडली नाही की लोक इंग्रजी कोलन मारतात. छापील पानावर फारसं कळत नाही, पण ‘दुःख’ शोधलं की कोलनवालं ‘दु:ख’ सापडत नाही.

शीट तयार झाली की सगळीकडे एकदम बदल करायचा मोह होतो. तो आवरा. नियमाप्रमाणे सुटा शब्द ‘कवी’, म्हणून ‘कवि’च्या जागी ‘कवी’ टाकायला सांगितलंत, तर अंकभर ‘कवीता’ होतील. ‘गुरु’चा ‘गुरू’ करा, ‘गुरूवार’ तयार. समासाच्या पहिल्या पदात, तसंच प्रत्यय लागून बनलेल्या ‘कविता’सारख्या शब्दात, तत्सम शब्दाचा ऱ्हस्व टिकतो, हे यंत्राला ठाऊक नसतं. एकेक जागा बघून बदल करा. वेळ जातो, पण त्याला पर्याय नाही.

जोडरेघेसाठी एक साधी वाटणी पुरते. रुळलेल्या जोड्या सलग लिहा: आईवडील, चहापाणी. दोन स्वतंत्र नावं किंवा विशेषणं शेजारी आली की रेघ द्या: पुणे-नाशिक, सामाजिक-राजकीय. मधल्या शब्दांवर तासन्‌तास घालवू नका. एकाने ठरवावं, शीटमध्ये टाकावं, विषय संपला. तो एक कोण, हेही शीटवर नावानिशी असू दे.

कॅपिटलचा प्रश्न देवनागरीत नाही, पण अंकात रोमन असतंच: श्रेयनामावली, ईमेल, इंग्रजी अनुक्रमणिका. ईमेल सगळा लहान अक्षरांत. नावांना मात्र नियम लावू नका. गोव्यातला एखादा लेखक `D'Souza` लिहितो, दुसरा `de Souza`. हे लेखकालाच विचारायचं आणि शीटच्या शेवटी नावांची वेगळी यादी करून तिथे नोंदवायचं. सूचीत नाव `D`खाली येणार की `S`खाली, हेही त्याच वेळी ठरवा.

‘केले’ की ‘केलं’ हे मात्र अंकासाठी ठरवू नका, लेखापुरतं ठरवा. लेखकाने बोलीच्या वळणाने लिहिलं असेल तर शेवटपर्यंत तेच ठेवा. मध्येच एका परिच्छेदात ‘केले’ आलं की समजावं, मुद्रितशोधकाची सवय आडवी आली. पात्रांच्या संवादांना तर हातच लावू नका. जुन्या उताऱ्यांसाठी त्या १८ नियमांतलाच एक तयार आहे: केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळाबरहुकूम, त्यानंतरचं आजच्या नियमांप्रमाणे.

पानं लागायला सुरुवात झाली की शीट त्या अंकापुरती बंद करा. चाळिसाव्या पानावर नवा निर्णय घेतलात, तर मागची एकोणचाळीस पुन्हा उघडावी लागतात, आणि एखादं पान राहूनच जातं. नवा शब्द ‘पुढच्या अंकासाठी’ अशा वेगळ्या पानावर टिपून ठेवा.