फिजिओ, ऑप्टोमेट्री की ऑक्युपेशनल थेरपी: मी कसं ठरवलं

नीटचा निकाल लागला. एमबीबीएस मिळणार नाही हे स्कोअर बघूनच कळलं होतं. ज्याला सांगावं तो म्हणायचा, "मग फिजिओ घे." फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे बीपीटीएच आणि बीओटीएच, सीईटी सेलच्या एकाच प्रवेश प्रक्रियेत होते. ऑप्टोमेट्रीसाठी मी कॉलेजांकडे वेगळे अर्ज केले. कालावधीत फार फरक नव्हता. आमच्या वेळी पहिल्या दोन्ही कोर्सना चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप होती, तर ऑप्टोमेट्रीला तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. कागदावरून निवड होईना.

त्याच सुट्टीत काकांना स्ट्रोक येऊन गेला होता. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसल्याने डावा हात-पाय अधू झाला होता. थेरपीला त्यांच्याबरोबर मी जायचे. तिथे एकाच पेशंटवर तिन्ही कामं चाललेली बघायला मिळाली.

फिजिओ मॅडम त्यांना खुर्चीतून उठवायच्या. उठताना काका सगळा भार उजव्या पायावर टाकत. मॅडम दोन्ही पावलं थोडी मागे घ्यायला लावायच्या, डाव्या गुडघ्यावर हात ठेवायच्या आणि त्या पायावर भार येईपर्यंत उठू द्यायच्या नाहीत. पुन्हा बसा, पुन्हा उठा. सत्र संपेपर्यंत मॅडमचा ड्रेस घामाने भिजलेला असायचा. हे अंगमेहनतीचं काम आहे. कॉलेजच्या जाहिरातीतल्या क्रिकेट टीमच्या फोटोवरून ते कळत नाही. पण प्रगती डोळ्यांना दिसते. काल आधार लागत होता, आज लागला नाही.

काका डावीकडच्या दाराच्या चौकटीला धडकायचे, म्हणून त्यांना ऑप्टोमेट्रिस्टकडे पाठवलं. त्यांनी आधी एक डोळा झाकून "माझ्या नाकाकडे बघा" म्हणत कडेला बोटं दाखवली. डावीकडची बोटं काकांनी बरोबर मोजली. मग दोन्ही बाजूंना एकदम बोटं हलवली, तेव्हा काका म्हणाले, "उजवीकडचं हललं." डावीकडचं त्यांच्या लेखी नव्हतंच. म्हणजे डावीकडचं दिसत होतं, पण तिकडे लक्ष जात नव्हतं. डावी बाजू खरंच दिसत नसती, तर एकट्या डाव्या बाजूचीही बोटं चुकली असती. ज्यांना एक बाजू खरंच दिसत नाही, ते पेशंट बऱ्याचदा मान वळवून भरून काढायला शिकतात. पण काकांसारखं एका बाजूकडे दुर्लक्ष असलेल्याला बऱ्याचदा आपलं काही चुकतंय हेच कळत नाही. हे शोधणं मला फार आवडलं. पण त्या खोलीत मी थांबले, तेव्हा बाकीचे सगळे पेशंट चष्म्याच्या नंबराचे होते. अंधारी खोली, रेटिनोस्कोपची प्रकाशपट्टी, लेन्स बदल, पुन्हा बघ. ज्याला नेमकेपणा आवडतो, फार बोलायला आवडत नाही, त्याच्यासाठी हे उत्तम आहे. मला दिवसभर बोलायला लागतं.

ऑप्टोमेट्रिस्टचा रिपोर्ट गेला ओटीकडे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे. तोवर मला वाटत होतं, फिजिओ पायाचं बघतो आणि ओटी हाताचं. तसं नाही. ओटी सरांनी काकांना ताट वाढायला लावलं. काकांनी उजवा अर्धा संपवला आणि "झालं जेवण" म्हणाले. डावीकडची भाजी तशीच. सरांनी ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. आधी पट्टी शोधायची, मग घास. हीच युक्ती पेपर वाचताना, ओळीच्या डाव्या टोकाला. शर्टाचं तंत्र तर मी घरी रोज वापरलं: घालताना अधू हात आधी, काढताना शेवटी. फिजिओनं काका उभे राहिले, ओटीमुळे स्वतः शर्ट घालू लागले. दुसऱ्यात माझं मन जास्त रमलं.

तरी सरांना मी सरळ विचारलं, काम मिळतं का? ते म्हणाले, "मिळतं, पण बहुतेक लहान मुलांबरोबर. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी. मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा कंटाळा येणार असेल, तर येऊ नकोस. आणि ओटी म्हणजे काय, हे प्रत्येक लग्नात समजावून सांगायची तयारी ठेव." फिजिओचं क्लिनिक टाकणं सोपं, कारण लोकांना ते माहीत आहे, पण म्हणूनच तिथे गर्दीही जास्त, असंही ते म्हणाले.

पसंतीक्रमात मी ओटीची कॉलेजं वर टाकली, खाली फिजिओची. घरी यावरून वाद झाला. बाबांचं म्हणणं, नाव असलेलं फिजिओ कॉलेज खाली का? पण वरची पसंती मिळाली की त्याखालच्यांचा विचार होत नाही, त्यामुळे हा क्रम म्हणजेच निर्णय होता. सुरुवातीच्या फेरीत ओटीची दुसरी पसंती मिळाली. पहिलीसाठी थांबायचं असतं तर पुढच्या फेरीत उतरता आलं असतं. पण या कॉलेजला स्वतःचं मोठं हॉस्पिटल होतं, म्हणजे पेशंट भरपूर. मी कागदपत्रं जमा करून स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला आणि पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडले.