गड्ड्यावरच्या फुग्यात हायड्रोजन की हेलियम? माझा अनुभव

सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. होम मैदानावर पाळणे, खेळणी आणि फुगेवाल्यांची गर्दी असते. या वेळी भाचीला गॅसचा फुगा हवा होता, म्हणून घेतला. घरी येऊन ताईने तो देवघराच्या कपाटाला बांधला आणि मला विचारलं, "तू केमिस्ट्रीवाला ना रे? ह्यात कसला गॅस आहे? शेजारी समई असते, म्हणून विचारते."

मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, पण तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. वर उडतो म्हणजे हवेपेक्षा हलका, एवढंच सांगितलं. हलके म्हणजे बहुतेक हायड्रोजन किंवा हेलियम. पहिला पेट घेतो, दुसरा घेत नाही. बघायला दोन्ही सारखेच. मित्र म्हणाला, "काडी लावून बघ की बे." ते करायचं नव्हतं. हायड्रोजनचा फुगा हातात भडकला तर चेहरा भाजतो.

मग ग्रॅहमचा नियम आठवला. बारीक भोकातून गॅस बाहेर पडण्याला इफ्यूजन म्हणतात. थॉमस ग्रॅहमने १८४६ मध्ये दाखवलं की बाहेर पडण्याचा वेग मोलर वस्तुमानाच्या, म्हणजे गॅसचा रेणू किती जड आहे त्याच्या, वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे तेवढाच गॅस बाहेर पडायला लागणारा वेळ वर्गमुळाच्या सम प्रमाणात. एका गॅसचं वस्तुमान माहीत असलं की दुसऱ्याचं काढता येतं. हवेचं सरासरी २९ धरलं तर हिशोब एका ओळीचा आहे:

M = २९ × (गॅसचा वेळ ÷ हवेचा वेळ)²

हायड्रोजनचं वस्तुमान २, हेलियमचं ४. इतका फरक सहज सापडेल असं वाटलं.

आमच्या लॅबच्या मामांनी साठ मिलीची प्लास्टिकची सिरिंज दिली. दट्ट्या काढून टाकला, नोझल वर आणि उघडं तोंड खाली करून ती बादलीतल्या पाण्यात उभी बुडवून स्टँडला धरली. नोझलला रबरी नळी लावून ती पाण्याबाहेर काढली आणि तिच्या टोकाला मेडिकलमधून आणलेला थ्री-वे कॉक लावला. कॉकच्या एका वाटेवर फुगा, दुसऱ्या वाटेवर इंजेक्शनची २६ नंबरची अर्ध्या इंचाची सुई. फुग्याकडची वाट उघडली की गॅस आत येतो आणि पाणी खाली ढकलतो. मग ती बंद करून सुईकडची उघडायची. बाहेरचं पाणी आतल्या गॅसला दाबतं, गॅस सुईतून निघत जातो आणि आतलं पाणी वर चढतं. ५५ च्या खुणेपासून ५ च्या खुणेपर्यंत, म्हणजे ५० मिली जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. दाब सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी असतो, पण प्रत्येक गॅसला खुणा त्याच आणि बादलीतलं पाणी तेवढंच, त्यामुळे गुणोत्तर काढताना त्याचा त्रास होत नाही. दोन्ही वाटा बंद करून पाच मिनिटं पाण्याची पातळी हलत नाही ना, हे मात्र दर वेळी बघितलं. गळती असली तर सगळे आकडे फुकट.

हवेला ९८ सेकंद लागले. तीन वेळा केलं, एका सेकंदाच्या आत तेच. फुग्यातल्या गॅसला ४९. भागाकार अर्धा, त्याचा वर्ग पाव, गुणिले २९. उत्तर ७.२.

ना २, ना ४. मी लगेच वहीत लिहिलं की फुग्यात हवा मिसळलेली असणार. पटण्यासारखंच होतं, कारण फुगा आदल्या रात्रीचा होता आणि सकाळी मऊ पडला होता. रबरातून हलका गॅस झरपतो आणि मागे हवेचा वाटा वाढतो. पण मॅडमनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "ज्याचं वस्तुमान तुला माहीत आहे असा गॅस घालून बघितलास का?"

नव्हता बघितला. संगमरवराच्या तुकड्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून कार्बन डायऑक्साइड केला. त्याचं वस्तुमान ४४, म्हणजे हवेच्या ९८ सेकंदांच्या तुलनेत त्याला साधारण १२० लागायला हवे होते. लागले ८८. हवेपेक्षाही कमी! हिशोब केला तर वस्तुमान २३ आलं. जो गॅस पेल्यात ओतला तर खाली बसतो, तो माझ्या उपकरणात हवेपेक्षा हलका ठरत होता. इथे मिसळलेल्या हवेचं कारण चालेना. कितीही हवा मिसळली तरी उत्तर २९ आणि ४४ च्या मधेच यायला हवं, २९ च्या खाली जाणं शक्यच नाही. म्हणजे चूक गॅसमध्ये नव्हती, मोजण्यात होती.

दोन दिवस मी त्या सुईकडे बघत होतो. सुईच्या आतलं छिद्र पाव मिलिमीटरचं आणि लांबी तेरा मिलिमीटर, म्हणजे रुंदीच्या पन्नासपट लांब. ते भोक नव्हतंच, ती नळी होती. नळीतून जाताना गॅस भिंतींना घासत जातो, आणि तिथे वेग ठरवते ती मुख्यतः गॅसची श्यानता, म्हणजे वाहताना होणारा आतला अडथळा. वस्तुमानाचा वाटा तिथे फार थोडा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड आहे, पण त्याची श्यानता हवेच्या जवळपास चार पंचमांश आहे. म्हणून तो माझ्या सुईतून हवेच्या आधी पळाला. मी नकळत दुसराच गुणधर्म मोजला होता आणि त्याला ग्रॅहमचं सूत्र लावलं होतं. रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनने इफ्यूजन मोजायच्या आपल्या उपकरणात प्लॅटिनमच्या अतिशय पातळ पत्र्याला भोक का पाडलं होतं, ते तेव्हा मला कळलं. भोकाला लांबी नकोच.

मग सुई मुळापासून कापली, तिचा प्लास्टिकचा बूड ठेवला आणि त्याच्या तोंडावर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल एरल्डाइटने चिकटवली. फॉइल काचेवर ठेवून शिवणाच्या सुईचं नुसतं टोक टेकवलं होतं. पहिली चार भोकं फाटली. पाचवं गोल आलं, मायक्रोस्कोपखाली साधारण ०.१५ मिमी. कड वर आलेली नको, म्हणून मागच्या बाजूने बोटाने हलकेच सपाट केली.

आता हवेला १०२ सेकंद लागले आणि कार्बन डायऑक्साइडला १२४. उत्तर ४२.९. खरं ४४. थोडी हवा आत राहिली असणार, शिवाय पाण्यावरून येणाऱ्या गॅसमध्ये वाफ असतेच. पण जड गॅस आता जड दिसत होता. ती वही मी मॅडमकडे पळतच घेऊन गेलो.

मॅडमनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती पुस्तकात वाचताना माझ्या लक्षात आली नव्हती. खऱ्या इफ्यूजनमध्ये रेणू एकेक करून, एकमेकांना न आपटता भोकातून जातात. त्यासाठी भोक रेणूच्या दोन टकरींमधल्या अंतराहून लहान लागतं. नेहमीच्या दाबाला हवेत ते अंतर मिलिमीटरचा दहा हजारावा भागही नसतं. माझं भोक त्याच्या दोन हजारपट मोठं. त्यातून रेणू एकेक करून जात नाहीत, गॅसचा झोत जातो. पण पातळ भोकातून जाणाऱ्या झोताचा वेगसुद्धा घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि एकाच तापमान-दाबाला घनता मोलर वस्तुमानाच्या प्रमाणात असते. म्हणून गुणोत्तर तेच येतं. कारण वेगळं, वर्गमूळ तेच. नळी असली की मात्र हे दोन्ही रस्ते बंद.

त्या संध्याकाळी पुन्हा गड्ड्यावर गेलो. दोन फुगे घेतले आणि थेट लॅबमध्ये आणले, रात्र जाऊ दिली नाही. बर्नर बंद, खिडक्या उघड्या. पहिल्यांदा भरलेला गॅस सोडून दिला, म्हणजे नळीतली जुनी हवा निघून जाईल. दुसऱ्यांदा भरून मोजलं: ३४ सेकंद. पुन्हा ३५. पुन्हा ३४.५.

३४.५ ला १०२ ने भागलं तर ०.३३८. वर्ग ०.११४. गुणिले २९, उत्तर ३.३.

पुन्हा ना २, ना ४. पण या वेळी मी घाई केली नाही. वेळेचा वर्ग होतो, त्यामुळे वेळेतली तीन टक्के चूक उत्तरात सहा टक्के होते. साडेचौतीस सेकंदांत एका सेकंदाची चूक झाली तरी उत्तर ३.१ ते ३.५ च्या मधेच राहतं. मग उरली भेसळ. फुग्यात काय मिसळू शकतं? हवा, २९. पाण्याची वाफ, १८. दोन्ही उत्तर वरच ढकलतात. माझ्या बादलीच्या पाण्यावर गॅसमध्ये साधारण पावणेचार टक्के वाफ असणार, तेवढ्यानेच हेलियमचे ४ साडेचार होतात आणि हायड्रोजनचे २ होतात २.६. उरलेला फरक अडीच-तीन टक्के हवेने भरून निघतो. म्हणजे हायड्रोजन भेसळीने ३.३ पर्यंत चढू शकतो, पण हेलियम ४ च्या खाली उतरू शकत नाही. उत्तर ४.५ आलं असतं तर मात्र मी अडकलो असतो. कोरडा हेलियम आणि सात टक्के हवा मिसळलेला कोरडा हायड्रोजन यांचं सरासरी वस्तुमान सारखंच, तेव्हा हा प्रयोग त्यांत फरक सांगू शकत नाही.

आणि इथे ती सुई कामाला आली. हेलियम हलका असला तरी त्याची श्यानता हवेपेक्षा किंचित जास्तच आहे, हायड्रोजनची मात्र हवेच्या निम्मी. म्हणजे सुईतून हेलियमला जवळजवळ हवेइतकाच वेळ लागायला हवा. मी दुसऱ्या फुग्याला नवी सुई लावली. हवा ९८, फुगा ४८. पहिल्या दिवशीचा ४९ चा आकडाही हेच सांगत होता, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

रात्री साडेआठला लॅबच्या पायरीवरून ताईला फोन लावला. "हायड्रोजन आहे ताई. भाचीचा नवा फुगा कुठे बांधलाय?"

"देवघराजवळच. थांब, समई अजून लावली नाही," ती म्हणाली, आणि फोन चालू असतानाच मला गच्चीच्या दाराची कडी काढल्याचा आवाज ऐकू आला.